निवृत्तीचे पैसे कोणत्या दाराने येतात

कोकणातल्या सरकारी कार्यालयांत ३१ मे हा निरोप समारंभांचा दिवस असतो. एका पिढीला शाळेत घालताना खरी जन्मतारीख घरी कोणाच्या लक्षात नसे, मग मास्तर हजेरीपटात १ जून लिहून टाकत. नियम असा आहे, की ज्या महिन्यात वयाची अट पूर्ण होते त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी कर्मचारी निवृत्त होतो, पण जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच. म्हणून १ जूनवाले सगळे ३१ मे रोजी बाहेर पडतात. राज्य सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांसाठी हे वय ५८ आहे, चतुर्थ श्रेणीसाठी ६०.

हरिहरेश्वरात घर आणि श्रीवर्धनच्या तालुका कार्यालयात नोकरी असलेला एक कारकून उदाहरणादाखल डोळ्यांसमोर धरू. त्याची जन्मतारीख १ जून १९६७, निवृत्ती ३१ मे २०२५. शाल-श्रीफळ घेऊन तो घरी येतो आणि चार दिवसांत गावात एकच प्रश्न सुरू होतो: पैसे मिळाले का? प्रश्न एकवचनी असतो, म्हणून त्याचे उत्तर नेहमी अर्धवट येते. निवृत्तीचे पैसे एका ठिकाणाहून येत नाहीत. रजेचे पैसे स्वतःचे कार्यालय मंजूर करते, उपदान आणि निवृत्तिवेतन मुंबईच्या महालेखापालांकडून मंजूर होते, भविष्य निर्वाह निधीचा हिशेबही महालेखापालांकडे असला तरी तो वेगळ्या शाखेत, आणि गट विम्याची रक्कम पुन्हा कार्यालयातून. प्रत्येक दाराची किल्ली वेगळ्या माणसाकडे आणि प्रत्येक दाराला लागणारा वेळ वेगळा.

या सगळ्यांत रजेचे पैसे समजून घ्यायला सोपे आणि साधारणपणे सर्वांत लवकर हाती येणारे. म्हणून सुरुवात तिथून.

२७५ दिवसांची किंमत

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे कर्मचाऱ्याच्या खात्यात दर १ जानेवारीला आणि १ जुलैला १५-१५ दिवस अर्जित रजा आगाऊ जमा होते. वर्षाला ३०. ती घेतली नाही तर साठत जाते, पण ३०० दिवसांपर्यंतच. निवृत्तीच्या दिवशी जेवढी अर्जित रजा शिल्लक असेल तेवढ्या दिवसांचा पगार रोख मिळतो. किरकोळ रजा यात येत नाही. ती वर्षाला ८ दिवस असते आणि वर्ष संपले की संपते.

शेवटच्या सहामाहीत पूर्ण १५ दिवस जमा होत नाहीत, हे पुष्कळांना निवृत्तीच्या आदेशानंतरच कळते. त्या सहामाहीत सेवेचे जेवढे पूर्ण महिने भरतील त्या प्रत्येक महिन्याला अडीच दिवस, एवढाच हिशेब. आपल्या कारकुनाची २०२४ अखेर २६८ दिवस रजा शिल्लक होती. जानेवारी ते मे हे पाच महिने, म्हणजे साडेबारा दिवस, पूर्णांकात १३. बेरीज २८१. मार्चमध्ये मुलीच्या लग्नासाठी त्याने ६ दिवस रजा घेतली होती. उरले २७५.

आता दिवसाची किंमत. मूळ वेतन आणि त्यावरचा महागाई भत्ता यांची बेरीज करायची, तिला ३० ने भागायचे आणि दिवसांनी गुणायचे. घरभाडे भत्ता धरायचा नाही. कारकुनाचे मूळ वेतन ५५,२०० रुपये. मे २०२५ च्या पगारात महागाई भत्ता ५३ टक्के होता, म्हणजे २९,२५६ रुपये. बेरीज ८४,४५६. एका दिवसाचे २,८१५ रुपये २० पैसे, आणि २७५ दिवसांचे ७,७४,१८० रुपये.

हिशेब इथे संपला असे वाटते, पण संपलेला नसतो. राज्य सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये महागाई भत्ता ५५ टक्के केला, आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू केला. म्हणजे कारकून निवृत्त झाला त्या दिवशी त्याचा खरा भत्ता ५५ टक्केच होता, फक्त तेव्हा तो जाहीर झालेला नव्हता. ५५ टक्क्यांनी दिवसाचा दर २,८५२ रुपये होतो आणि एकूण रक्कम ७,८४,३००. फरक १०,१२० रुपयांचा. हा फरक आपोआप खात्यात पडत नाही. कार्यालयाने त्यासाठी वेगळे पुरवणी बिल लावावे लागते, आणि निवृत्त माणूस आता आस्थापनेच्या मासिक पगारपत्रकात नसल्यामुळे त्याची आठवण तिथे कोणाला राहतेच असे नाही. जानेवारी ते जून किंवा जुलै ते डिसेंबर या काळात निवृत्त झालेल्या माणसाने पुढचा महागाई भत्त्याचा शासन निर्णय निघाला की तो आपल्या निवृत्तीच्या तारखेपूर्वीपासून लागू आहे का, एवढे पाहून लेखी अर्ज द्यावा.

एक गट मात्र या हिशेबातून जवळजवळ बाहेर राहतो. शाळांना उन्हाळी आणि दिवाळीची दीर्घ सुटी असते, म्हणून ती पूर्ण उपभोगणाऱ्या शिक्षकाला त्या वर्षाची अर्जित रजा मिळत नाही. सुटीत निवडणूक, जनगणना अशा कामांवर बोलावले गेले असेल तर त्या प्रमाणात रजा जमा होते. त्यासाठी सुटीत काम केल्याचा आदेश आणि उपस्थितीचा दाखला सेवापुस्तकात त्या त्या वेळी नोंदलेला हवा. तीस वर्षांनंतर तो कागद शोधणे फार कठीण जाते.

ग्रँट आणि सेवापुस्तक

रजा रोखीकरणाचा आदेश काढण्यासाठी फाइल मुंबईला जात नाही. कार्यालयप्रमुख रजेचे खाते तपासतो आणि मंजुरीचा आदेश काढतो. आहरण व संवितरण अधिकारी सेवार्थ प्रणालीतून बिल तयार करून श्रीवर्धनच्या उपकोषागारात देतो आणि रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. सगळा प्रवास एका तालुक्याच्या आतला. खाते बिनचूक असेल आणि पैसे उपलब्ध असतील तर एक ते तीन महिन्यांत काम होते. काही कार्यालयांत पहिल्या महिन्यातच होते.

अडथळे दोनच, पण दोन्ही खरे. पहिला अडथळा अनुदानाचा. रजेचे पैसे कार्यालयाच्या वेतनाच्या लेखाशीर्षातून जातात. त्या शीर्षात वर्षाच्या अखेरीस शिल्लक नसेल, किंवा एप्रिलमध्ये नव्या वर्षाचे अनुदान अजून वितरित झाले नसेल, तर बिल तयार असूनही निघत नाही. "भाऊ, तुमचं बिल तयार आहे, ग्रँट आली की लावतो," हे वाक्य निवृत्त माणूस या काळात बरेचदा ऐकतो. यात बहुतेक वेळा लबाडी नसते. ऑनलाइन प्रणालीत शिल्लक नसेल तर बिलच पुढे जात नाही. अशा वेळी विचारायचे ते एवढेच, की अनुदानाची मागणी वरच्या कार्यालयाकडे गेली आहे का, आणि तिचा जावक क्रमांक काय. मागणी गेलेलीच नसेल तर थांबून काही होणार नाही. जिल्हा परिषदेत हा अडथळा जास्त जाणवतो, कारण तिथे पैसे राज्याकडून अनुदानरूपाने यायचे आणि मग खालपर्यंत वाटले जायचे. त्यामुळे तिथे तीन महिन्यांचे सहा महिने आणि कधी त्याहून अधिक होतात.

दुसरा अडथळा सेवापुस्तकाच्या मागच्या पानांवर असतो. तिथे रजेचा लेखा असतो: डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, शेवटी शिल्लक आणि साक्षांकन करणाऱ्या अधिकाऱ्याची सही. एखाद्या सहामाहीची जमा नोंदवलेली नसते, घेतलेली रजा मंजुरीच्या आदेशाशिवाय वजा झालेली असते, बदलीच्या वर्षी जुन्या कार्यालयाने शिल्लक कळवलेली नसते. असाधारण रजा घेतली असेल तर पुढच्या सहामाहीच्या जमेतून तिचा दहावा भाग कापायचा असतो, तो कधी कापलेला नसतो, कधी दोनदा कापलेला असतो. खात्यात ३०० दिवस असताना नवे १५ दिवस कसे धरायचे, यावर चुका सर्वाधिक. ते १५ दिवस त्या सहामाहीत घेतलेल्या रजेपुरते स्वतंत्र धरायचे असतात. त्या काळात रजा घेतली तर आधी त्या पंधरांतून जाते आणि तीनशेला धक्का लागत नाही. हे न कळता आस्थापनेच्या कारकुनाने थेट तीनशेतून वजा केले, तर निवृत्त होणाऱ्याचे हजारो रुपये जातात.

म्हणून निवृत्तीच्या दोनेक वर्षे आधी सेवापुस्तक मागून घेऊन रजेच्या लेख्यावर बोट ठेवत १ जानेवारी आणि १ जुलैच्या नोंदी एकेक करून मोजाव्यात. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत कर्मचाऱ्याकडे ठेवण्याची सोय आहे, तिचा उपयोग नेमका इथे होतो. श्रीवर्धन तालुक्याला तिची किंमत वेगळी सांगायला नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले, छपरे उडाली आणि पावसाचे पाणी घराघरांत शिरले. कागद एकाच ठिकाणी असेल तर तो भिजला की संपला. दुय्यम प्रतीतल्या नोंदीही दरवर्षी अद्ययावत करून सही घेतलेल्या असाव्यात, नाहीतर ती नुसती वही राहते.

मुंबईहून यायचे ते

उपदान म्हणजे लोकांच्या भाषेत ग्रॅच्युइटी, निवृत्तिवेतन म्हणजे पेन्शन आणि अंशराशीकरण म्हणजे पेन्शन विकणे. ही तिन्ही एकाच प्रस्तावात जातात आणि एकत्रच मंजूर होतात. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे सेवेच्या पूर्ण झालेल्या प्रत्येक सहामाहीला वेतनाचा पाव भाग उपदान मिळते, पण वेतनाच्या साडेसोळा पटींपेक्षा जास्त नाही. तीन महिने किंवा त्याहून जास्त तुकडा उरला तर तो पूर्ण सहामाही धरतात. कारकुनाची सेवा ३२ वर्षे ४ महिने आहे. ३२ वर्षांच्या ६४ सहामाही, वरच्या चार महिन्यांची आणखी एक, एकूण ६५. म्हणजे वेतनाच्या सव्वासोळा पट. उपदानाची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून १४ लाखांवरून २० लाख झाली आहे.

पेन्शन अखेरच्या वेतनाच्या निम्मी, म्हणजे २७,६०० रुपये. तिचा ४० टक्क्यांपर्यंत भाग एकरकमी घेता येतो. पूर्ण ४० टक्के घेतला तर महिन्याचे ११,०४० रुपये कापले जातात आणि हातात १६,५६० उरतात. महागाई वाढ मात्र मूळ २७,६०० वरच मिळते, कापून उरलेल्या रकमेवर नाही. विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो.

या रकमा उशिरा येण्याचे कारण निवृत्तीनंतर शोधण्यात अर्थ नसतो. ते बहुधा आधीच्या दोन वर्षांत घडलेले असते. नियमांप्रमाणे पुढच्या २४ ते ३० महिन्यांत निवृत्त होणाऱ्यांची यादी दर सहा महिन्यांनी तयार व्हावी लागते. त्यानंतर सेवापुस्तकातल्या सेवेची खातरजमा व्हावी आणि निवृत्तीच्या सहा महिने आधी पूर्ण प्रस्ताव महालेखापालांकडे पोचावा. रायगडसाठी हे कार्यालय मुंबईत महर्षी कर्वे मार्गावर आहे. प्रस्ताव वेळेत गेला तर निवृत्तीच्या आधीच तीन आदेश निघतात: निवृत्तिवेतनाचा, उपदानाचा आणि अंशराशीकरणाचा. मग निवृत्त माणूस कोषागारात ओळख पटवून देतो आणि बहुतेक वेळा एक ते दोन महिन्यांत उपदान आणि अंशराशीची रक्कम जमा होते. पहिली पेन्शन दुसऱ्या किंवा तिसऱ्या महिन्यात येते, मधल्या काळाची थकबाकी धरून.

प्रस्ताव सगळ्यात जास्त रेंगाळतो तो वेतन पडताळणीत. महालेखापालांकडे जाण्याआधी सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जाते. कोकण विभागाचे पथक नवी मुंबईत कोकण भवनात आहे. पदोन्नती, आश्वासित प्रगती योजना, पाचवा, सहावा, सातवा वेतन आयोग, या प्रत्येक वळणावर वेतन बरोबर ठरवले का, हे ते तपासते. १९९८ साली एक वेतनवाढ चुकून आधी दिलेली सापडली की आक्षेपासह पुस्तक परत येते. मग वेतन पुन्हा ठरवा, नवे आदेश काढा, पुस्तक पुन्हा पाठवा. प्रत्येक फेरीला महिने जातात. पडताळणी शेवटच्या वर्षासाठी ठेवू नये, असे आस्थापनेचे जुने लोक सांगतात ते याच कारणाने. प्रत्येक वेतननिश्चितीनंतर लगेच पडताळणी करून घेतलेली असेल तर निवृत्तीच्या वेळी फक्त शेवटची काही वर्षे तपासायची उरतात.

या आक्षेपांमधून वसुली निघाली तर ती बहुधा रजेच्या पैशांतून किंवा उपदानातून कापायची टिपणी तयार होते. इथे १८ डिसेंबर २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा रफिक मसीह प्रकरणातला निर्णय महत्त्वाचा. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, कर्मचाऱ्याची चूक नसताना जास्त दिले गेलेले वेतन वसूल करू नये, असे त्यात म्हटले आहे. त्याला एक मर्यादा आहे. वेतननिश्चितीच्या वेळी जास्तीची रक्कम परत करण्याचे हमीपत्र दिलेले असेल तर न्यायालये २०१६ च्या दुसऱ्या एका निर्णयाचा आधार घेऊन वसुली मान्यही करू शकतात. म्हणून वसुलीची नोटीस आली तर आधी जुन्या हमीपत्राची प्रत मागवावी, आणि मग उत्तर लिहावे.

विभागीय चौकशी किंवा न्यायालयीन कारवाई चालू असेल तर गोष्ट वेगळी. तात्पुरते निवृत्तिवेतन मिळते, पण उपदान निकाल लागेपर्यंत थांबते. चौकशी नसतानाही कागद अडकले असतील तर कार्यालयाला तात्पुरते निवृत्तिवेतन सुरू करण्याचा अधिकार आहे. तो पुष्कळ ठिकाणी वापरला जात नाही, कारण कोणी मागत नाही.

भविष्य निर्वाह निधी हा स्वतःच्याच पगारातून साठलेला पैसा. त्याचा अंतिम प्रदानाचा अर्जही मुंबईलाच जातो आणि साधारण एक ते तीन महिन्यांत प्राधिकारपत्र येते. वार्षिक लेख्याच्या चिठ्ठीत एखाद्या महिन्याची वर्गणी 'गहाळ' दाखवलेली असेल तर तेवढी रक्कम मागे राहते. त्या महिन्याच्या बिलाचा प्रमाणक क्रमांक आणि तारीख कळवली की ती मिळते. १९८२ च्या गट विमा योजनेची बचत निधीची रक्कम कार्यालयच मंजूर करते. ती इतर रकमांच्या मानाने लहान असते, आणि म्हणूनच तिचा अर्ज सगळ्यांत शेवटी होतो. तिची स्वतंत्र नोंदवही असते. प्रत्येक बदलीनंतर वर्गणीच्या नोंदी नव्या कार्यालयात आल्या आहेत का, हे तिथे पाहावे.

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्य सेवेत आलेल्यांना मात्र भविष्य निर्वाह निधीऐवजी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे खाते आहे. तिथे साठलेल्या रकमेतून ६० टक्क्यांपर्यंत रक्कम एकरकमी घेता येते आणि उरलेल्यातून वार्षिकी घ्यावी लागते. रजेच्या पैशांचा नियम त्यांनाही तोच.

त्याच गावातला एसटीचा चालक

कारकुनाच्या शेजारच्या घरात श्रीवर्धन आगाराचा चालक राहतो असे समजा. तोही त्याच महिन्यात निवृत्त झाला. त्याला महालेखापाल नाहीत, कोषागार नाही, सरकारी पेन्शन नाही. एसटी महामंडळ ही राज्याने उभी केलेली, पण स्वतंत्र संस्था आहे. त्यामुळे चालकाची ग्रॅच्युइटी कामगार कायद्याने मिळते, पेन्शन ईपीएस-९५ योजनेतून, आणि रजेचे पैसे महामंडळाच्या स्वतःच्या नियमांनी.

ग्रॅच्युइटीचे सूत्र वेगळे आहे: अखेरचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. ४२,००० रुपये पगार आणि ३० वर्षे सेवा धरली तर ७,२६,९२३ रुपये होतात. आणि इथे कायद्याने दिवस ठरवून दिले आहेत. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत ती द्यायची होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही मुदत ३० दिवसांचीच आहे. उशीर झाला तर व्याज द्यावे लागते. १९७२ च्या कायद्याखाली ते १० टक्के होते. व्याज न दिल्यास कामगार खात्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही.

ईपीएसची पेन्शन चालकाने आयुष्यभर चालवलेल्या गाडीच्या मानाने फार लहान असते. तिचा हिशेब कमाल १५,००० रुपयांच्या पगारावर होतो, तोही १ सप्टेंबर २०१४ पासून. आधीची मर्यादा ६,५०० होती. निवृत्त एसटी कर्मचाऱ्याला महिन्याची काही हजारांचीच पेन्शन मिळते, म्हणून त्याच्या दृष्टीने एकरकमी देणी हाच खरा आधार. आणि नेमकी हीच देणी, विशेषतः रजेचे पैसे आणि वेतन कराराचा फरक, एसटीत निधीअभावी थकत राहिली आहेत. निवृत्तांच्या संघटनांच्या आंदोलनांत आणि विधिमंडळात हा विषय गेली काही वर्षे वारंवार आला. कारकुनाचे रजेचे पैसे तीन महिन्यांत यावेत आणि शेजाऱ्याला त्याच कामासाठी वर्ष किंवा त्याहून जास्त थांबावे लागावे, हा फरक दोघांच्या कष्टांचा नाही. तो देणाऱ्याच्या तिजोरीचा आहे, आणि तो अन्याय्य आहे.

प्राप्तिकरातही दोघांत फरक आहे. केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी मिळणारे रजेचे पैसे पूर्ण करमुक्त. इतरांना मर्यादा आहे. २००२ पासून ती ३ लाखांवर अडकली होती आणि १ एप्रिल २०२३ पासून २५ लाख झाली. त्याशिवाय इतरांसाठी दहा महिन्यांच्या सरासरी पगाराची आणि वर्षाला ३० दिवसांच्या रजेचीही अट आहे. या सगळ्यांत जी रक्कम कमी ठरेल तेवढीच करमुक्त.

उशीर झाला तर

रजेचे पैसे म्हणजे बक्षीस की हक्क, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांनी स्पष्ट दिले आहे. १४ ऑगस्ट २०१३ रोजी झारखंडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पेन्शन, उपदान आणि रजेचे पैसे ही कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे आणि नियमात तशी तरतूद नसताना केवळ प्रशासकीय सूचनेवरून ती रोखता येत नाही. त्यासाठी राज्यघटनेच्या ३०० अ या कलमाचा आधार घेतला गेला. कोकणाच्या जवळचे उदाहरण २०२४ चे आहे. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेतून दीर्घ सेवेनंतर राजीनामा देऊन बाहेर पडलेल्यांना बँकेने साठलेल्या रजेचे पैसे नाकारले होते. मुंबई उच्च न्यायालयाने रजेचे पैसे पगारासारखेच कमावलेले असतात असे म्हणत बँकेला ते व्याजासह देण्यास सांगितले.

न्यायालयात जाण्याआधी मात्र नियमांतली व्याजाची तरतूद वापरून पाहावी. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत १२९-अ हा नियम उपदानासाठी आणि १२९-ब पेन्शनसाठी आहे. प्रशासकीय दिरंगाईमुळे उपदान निवृत्तीनंतर तीन महिन्यांहून जास्त लांबले, किंवा पेन्शन सहा महिन्यांहून जास्त, तर त्यापुढच्या काळासाठी भविष्य निर्वाह निधीच्या दराने व्याज मिळते. रजेच्या पैशांना या नियमांचा आधार नाही.

अर्ज छोटा असावा. निवृत्तीची तारीख, प्रस्ताव कार्यालयातून निघाल्याची तारीख, आक्षेप आला असल्यास त्याची तारीख, तो दूर झाल्याची तारीख आणि रक्कम जमा झाल्याची तारीख, एवढ्या पाच तारखा ओळीने लिहिल्या की दिरंगाई कोणाच्या टेबलावर झाली ते त्यातूनच दिसते. ८ लाखांचे उपदान निवृत्तीनंतर आठ महिन्यांनी आले आणि उशीर कार्यालयामुळे झाला असेल, तर पहिले तीन महिने वगळून पाच महिन्यांचे व्याज धरायचे. ७.१ टक्के दराने ते साधारण २३,७०० रुपये होते. अर्ज कार्यालयप्रमुखाच्या नावे द्यावा, आवक शिक्क्याची प्रत स्वतःकडे ठेवावी, आणि वरील तारखा माहीत नसतील तर माहितीच्या अधिकारात आधी त्या मागवून घ्याव्यात. त्या अर्जाला उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे.